घोरण्याबद्दल बायकोला विचारा

रात्रीच्या खासगी बसगाड्यांचे मालक, आणि त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना तपासून फिटनेसच्या कागदावर सही करणारे डॉक्टर, यांस,



मी कोल्हापुरातल्या एका स्लीप लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. लोक माझ्याकडे झोपायला येतात आणि मी त्यांना वायरी लावून रात्रभर पडद्यासमोर जागी बसते. माझा सख्खा थोरला भाऊ कोल्हापूर-मुंबई रात्रीची स्लीपर गाडी चालवतो. या दोन गोष्टी एकाच घरात असूनही त्याचा आजार माझ्या लक्षात यायला चार वर्षं गेली. तेव्हा तुम्हाला बोल लावण्याआधी तो मी स्वतःला लावून घेतलेला आहे.

गेल्या वर्षी दादाच्या कंपनीने ड्रायव्हरांचं आरोग्य शिबिर घेतलं. डोळे पाहिले, साखर पाहिली, बीपी पाहिलं. छापील कागदावर एक प्रश्न होता, ‘झोप व्यवस्थित लागते का?’ दादाने ‘हो’वर खूण केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याला पडल्या पडल्या झोप लागते. जेवताना लागते, न्हाव्याच्या खुर्चीत लागते, आमच्या आत्याच्या तेराव्याला भटजींच्या समोर बसल्या बसल्या लागली होती. घरात सगळे म्हणायचे, नशीबवान आहे, गादी लागत नाही याला. डॉक्टरांनी सही केली आणि दादा त्याच रात्री नऊच्या गाडीवर गेला.

त्यानंतर महिनाभराने वहिनी माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, “वन्सं, हे घोरतात त्याचं मला काही नाही, सवय झालीय. पण मधेच घोरणं थांबतं ना, तेव्हा मला जाग येते. मी मोजते. पंचवीस, तीस, कधी चाळीस. मग एकदम फुरर्र करून श्वास येतो आणि परत सुरू. मी नाकाशी बोट धरून बसते.” तिने हे चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तिने चार वाक्यांत जे सांगितलं त्याला वैद्यकीय भाषेत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. घसा म्हणजे हाडाचा आधार नसलेली मऊ नळी. जागेपणी स्नायू ती ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि नळी अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना कडा थरथरतात, तेच घोरणं. नळी पूर्णच मिटली तर थरथरायला हवाच उरत नाही, म्हणून आवाज बंद होतो. छाती मात्र श्वास ओढायचा प्रयत्न करतच असते. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, मेंदू घाबरून तीन-चार सेकंद अर्धवट जागा होतो, स्नायू आवळले जातात, नळी उघडते आणि माणूस फुरफुरत श्वास घेतो. लगेच पुन्हा झोपतो. सकाळी यातलं त्याला काहीही आठवत नाही.

म्हणून आवाज किती मोठा यावर फार जाऊ नका. भिंत हादरवणारं पण एका लयीत चाललेलं घोरणं पुष्कळदा शेजारच्याच्या जिवाला त्रास देऊन थांबतं. तुटणारं घोरणं, म्हणजे आवाज, शांतता, मग गुदमरल्यासारखी उसळी, हे वेगळं प्रकरण आहे. ती शांतता झोपलेल्या माणसाला ऐकू येऊच शकत नाही. ती ऐकते त्याची बायको, आई, किंवा मुंबईत गाडीत शेजारी आडवा झालेला क्लीनर.

बाकीच्या खुणा दिवसा दिसतात, पण प्रत्येक खूण दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर खपते. दादा झोपेत तीनदा लघवीला उठायचा. आम्ही साखर तपासली, ती ठीक निघाली. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत जो ताण येतो त्याने हृदयाचा कप्पा ताणला जातो. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते पाणी बाहेर टाकायचा निरोप मूत्रपिंडाला देतं. उठल्यावर त्याचं डोकं जड असायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची. ते जागरणाच्या खात्यात गेलं. बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १५०च्या खाली येत नव्हता. ते जेवणातल्या मिठावर गेलं. चिडचिड वाढली होती, ती स्वभावावर गेली.

तुम्ही मालक मंडळी इथे म्हणाल, अहो, रात्रपाळी करणाऱ्या कुठल्या माणसाला पेंग येत नाही? बरोबर आहे, म्हणून फरक कसा ओळखायचा तेही सांगते. झोप अपुरी पडल्याने येणारी पेंग झोप मिळाली की जाते. दादा मे महिन्यात आठ दिवस सुट्टीवर गावी होता. रोज आठ-नऊ तास झोपत होता. तरी दुपारी चारला ओसरीवर बसून शेंगा फोडता फोडता त्याची मान पडायची. पोटभर झोपूनही जी पेंग जात नाही, तिचं कारण ड्यूटीच्या तक्त्यात नाही, त्या झोपेतच आहे. याचा अर्थ तक्ते सुधारू नका असा कृपा करून काढू नका. लागोपाठ सहा रात्री गाडीवर पाठवलेला निरोगी माणूसही झोपतोच.

दादाने पुढे मला एकटीला आणखी एक गोष्ट सांगितली. साताऱ्याच्या अलीकडे टोलनाक्यावर रांगेत गाडी उभी असताना त्याचा डोळा लागला होता. मागच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून जाग आली. “उभ्या गाडीतच ना गं,” असं म्हणाला. झोपेची ओढ मोजायला एपवर्थ नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरने १९९१ साली ती प्रसिद्ध केली. आठ प्रसंग असतात आणि प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता किती, याला ० ते ३ गुण. आठवा प्रसंग नेमका हाच आहे, रहदारीत गाडी काही मिनिटं थांबलेली असताना. चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले तर झोपेची ओढ जास्त आहे असं धरतात. दादाने स्वतः भरली तेव्हा ५ आले, वहिनीने त्याच्याबद्दल भरली तेव्हा १६.

ही तफावत या पत्राचं खरं कारण आहे. दादा खोटारडा माणूस नाही. एक तर वर्षानुवर्षांच्या पेंगेची इतकी सवय होते की तेच ताजंतवानं वाटू लागतं. दुसरं, ज्याची रोजीरोटी ‘मला झोप येत नाही’ या वाक्यावर अवलंबून आहे, तो दुसरं काय लिहील? परवान्यासाठीच्या नमुना १ आणि १-अ या कागदांत फेफरं, रातांधळेपणा, रंग ओळखणं, ऐकू येणं यांची चौकशी आहे. घोरण्याचा शब्द नाही. सरकारी नमुना तुम्ही बदलू शकत नाही, पण तुमच्या शिबिराचा कागद तुमचा आहे.

त्या कागदावर काय हवं हे शोधून काढायची गरज नाही. टोरंटोच्या फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल देण्याआधी रुग्ण चाळायला आठ प्रश्न बांधले, ‘स्टॉप-बँग’ या नावाने ते ओळखले जातात. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा-पेंग असते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, वजन उंचीच्या मानाने फार आहे का (बीएमआय ३५च्या वर), वय पन्नासच्या वर का, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड का, आणि पुरुष आहे का. तीनच्या खाली ‘हो’ आले तर धोका कमी, पाच किंवा जास्त आले तर बराच.

दादा ४४ वर्षांचा, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. शिंप्याच्या टेपने मान मोजली तर ४१. तो स्वतः सांगतो त्याप्रमाणे बीपी, मान आणि पुरुष, असे तीन. वहिनीची साक्ष धरली की घोरणं, पेंग आणि थांबलेला श्वास मिळून सहा. वजनावर त्याला एकही गुण नाही हे डॉक्टरांनी विशेष लक्षात घ्यावं. त्याचा बीएमआय साडेसत्तावीसच्या आसपास येतो. आपल्याकडे जबडा लहान आणि मागे असलेली माणसं पुष्कळ. त्यांचा घसा कमी वजनातही मिटतो. ढेरी नाही म्हणून कुणाला सोडून देऊ नका.

आता तपासणीकडे येते, कारण इथे आमच्याही हातून एक चूक झाली.

वहिनी बोलल्यावर कंपनीच्या ओळखीने एका ठिकाणहून घरी लावायचं यंत्र मिळालं. नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. चांगली, स्वस्त तपासणी आहे ती, मी तिला नावं ठेवत नाही. दादाने सुट्टीच्या रात्री साडेदहाला यंत्र लावलं आणि साडेपाचला काढलं. अहवालात तासाला १२ अडथळे आले. पाचच्या खाली ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र अशी मोजणी असते. म्हणजे सौम्य. वजन कमी करा, कुशीवर झोपा असं सांगून फाइल बंद झाली. कंपनीला आनंद, दादाला त्याहून जास्त.

मी अहवाल हातात घेतला तेव्हा वेळ पाहिली आणि वहिनीला विचारलं, त्या रात्री तो झोपला कधी? ती म्हणाली, “झोपतायत कसले, दोनपर्यंत टीव्ही बघत होते. एवढ्या रात्री यांना झोप येते होय?” वर्षानुवर्षं रात्री जागणारा माणूस रात्री झोपला नाही यात नवल ते काय? घरच्या यंत्रात मेंदूच्या तारा नसतात. माणूस जागा आहे की झोपला, हे त्याला कळत नाही. सात तास नोंद झाली, ८४ अडथळे सापडले, ८४ भागिले ७ बरोबर १२. पण तो झोपला जेमतेम साडेतीन तास. ८४ला साडेतीनने भागा, २४ येतात. सौम्याचं मध्यम झालं. शिवाय ज्या अडथळ्यात ऑक्सिजन फारसा उतरत नाही पण मेंदूची झोप मोडते, तो या यंत्राच्या हिशेबात येतच नाही, तेव्हा खरा आकडा २४च्याही वरच असणार. लक्षणं बोलकी असताना घरची तपासणी ‘ठीक’ किंवा ‘सौम्य’ आली तर ती शेवटची मानायची नसते, पुढे लॅबमध्ये पाठवायचं असतं. आणि रात्रपाळीवाल्याची तपासणी तो एरवी ज्या वेळी झोपतो त्या वेळी करायची असते. डॉक्टरसाहेब, एवढी एक गोष्ट माझ्या पत्रातून घेतलीत तरी चालेल.

आम्ही लॅबमध्ये दिवसाची वेळ ठरवली. मुंबईहून गाडी सकाळी सहाला आली, दादा आंघोळ करून आठला हजर. केस धुऊन ये, तेल लावू नकोस, असं बजावलं होतं. तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत आणि मध्येच एक निसटली की तेवढ्या वेळाची झोप वाचता येत नाही. आदल्या दिवशी दुपारनंतर चहा नको, दारू तर नकोच आणि झोपेची गोळीही नको असंही सांगितलं होतं. चहा झोप मोडतो, दारू आणि काही गोळ्या घसा आणखी सैल करतात.

तारा लावायला पाऊण तास लागतो. टेपने डोकं मोजून पेन्सिलीने खुणा करायच्या, तिथली कातडी जेलने घासायची आणि चिकट पेस्टमध्ये बसवलेल्या छोट्या वाट्या चिकटवायच्या. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर, दोन्ही पायांच्या नडग्यांवर, छातीवर हृदयासाठी. नाकाशी हवेचा दाब पाहणारी नळी आणि श्वासाची ऊब ओळखणारी तार. छाती आणि पोटाभोवती एकेक पट्टा, बोटाला चिमटा. कुठेही सुई नाही, आणि या तारांतून अंगात वीज जात नाही, त्या फक्त ऐकतात. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण प्रत्येकाला शॉकची भीती असते. दादा आरशात पाहून म्हणाला, “आता गावात मिरवणुकीत चालेल.” सगळ्या तारा एका डबीत जातात, लघवीला जायचं तर ती डबी काढून गळ्यात अडकवायची. एवढ्या जंजाळात झोप कशी येणार, हा प्रश्नही ठरलेला. ज्यांना हा आजार असतो ते बहुतेक मी खोलीबाहेर पडेपर्यंत झोपलेले असतात.

दिवे घालवण्याआधी मी बाहेरून माइकवर सूचना देते. डोळे वर-खाली करा, दात आवळा, श्वास दहा सेकंद धरा, घोरून दाखवा. सगळ्या रेघा नीट हलतात की नाही ते बघायचं असतं. मग पडदा ओढून अंधार केला. सकाळचे नऊ वाजले होते. चौथ्या मिनिटाला दादा झोपला.

सख्ख्या भावाच्या रेघा पाहणं वेगळं असतं. नाकाची रेघ आडवी, सपाट. त्याच वेळी छातीची आणि पोटाची रेघ हलतेय, पण उलटसुलट. छाती वर तर पोट खाली, रस्सीखेच लागल्यासारखी. दार बंद आहे आणि माणूस आतून ढकलतोय, याची ती खूण. मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरला असता तर या दोन्ही रेघाही सपाट असत्या. तो आजार निराळा. ऑक्सिजनचा आकडा लगेच पडत नाही, रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. ९४, ९०, ८४. मग डोक्याच्या रेघा एकदम दाट होतात, माइकमधून फुरर्र येतं, आणि आकडा चढू लागतो. पाठीवर झोपून स्वप्नांच्या झोपेत गेला तेव्हा एक थांबा ५८ सेकंदांचा होता आणि ऑक्सिजन ७१पर्यंत आला. स्वप्नाच्या टप्प्यात स्नायू सर्वांत सैल असतात. मी आत धावले नाही, आमचा शिरस्ताच तसा आहे, माणूस आपला आपण श्वास घेतो. पण मला वहिनीचं नाकाशी धरलेलं बोट आठवलं.

पहिल्या अडीच तासांच्या झोपेत ११० अडथळे, म्हणजे तासाला ४४. दोन तासांच्या झोपेत चाळीसच्या वर गेलं की उरलेल्या वेळात उपचारही बसवता येतो, दुसऱ्यांदा यायला लागत नाही. मी मास्क चढवला. सीपॅप म्हणजे सतत हवा फुंकणारा छोटा पंप. त्यात ऑक्सिजन नसतो, साधी खोलीतली हवा असते. हवेचा दाब घशाला आतून टेकू देतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय मांडला, आणि अजूनही मध्यम-तीव्र आजारात पहिल्यांदा हाच पुढे केला जातो. चारवरून सुरू करून मी दाब हळूहळू चढवत गेले. दहावर पाठीवरच्या स्वप्नझोपेतही रेघा सरळ झाल्या. दुपारी तीनला उठला तेव्हा मला म्हणाला, “आज पाऊस पडून गेला काय?” पडला नव्हता. डोकं हलकं वाटत होतं त्याला, एवढंच.

अहवाल मात्र त्याच दिवशी मिळत नाही. सगळी नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत कापलेली असते, सहा तासांची सातशे वीस पानं. संगणक आधी वाचून ठेवतो, पण जागेपणाला झोप म्हणण्याची चूक तो करतो, म्हणून माणसाने पानं पाहावी लागतात आणि शेवटी झोपेच्या डॉक्टरांनी. तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सकाळी कुणी छापील अहवाल दिला तर पानं कुणी पाहिली ते जरूर विचारा.

मालकहो, तुमच्या मनातली भीती मला माहीत आहे. अशी चाळणी लावली तर निम्मे ड्रायव्हर घरी बसतील. युरोपीय संघाने २०१४मध्ये हाच नियम केला. मध्यम किंवा तीव्र आजार आणि सोबत जास्त पेंग असा संशय असेल तर आधी तपासणी, आणि आजार आटोक्यात आला की परवाना परत. बस-ट्रकवाल्यांची मात्र वर्षाच्या आत फेरतपासणी. तिथल्या गाड्या बंद पडल्या नाहीत. उलटी बाजू न्यूयॉर्कची. १ डिसेंबर २०१३ला सकाळी तिथली लोकल ताशी सुमारे ४८ किलोमीटरच्या वळणावर १३२च्या वेगाने शिरून रुळांवरून उतरली, चार माणसं गेली. चालकाचा डोळा लागला होता. त्याला तीव्र ॲप्निया आहे हे अपघातानंतरच्या तपासणीत कळलं, तोवर रेल्वेने त्याला कधी त्यासाठी तपासलंच नव्हतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीचा अभ्यास २०१६ साली आला. आजार असून यंत्र न वापरणाऱ्या ड्रायव्हरांचे टाळता येण्याजोगे अपघात, बिनआजाराच्या सोबत्यांच्या पाचपट होते. म्हणजे नुसतं निदान करून फाइलला लावण्यात काही राम नाही, यंत्र रोज वापरलं गेलं पाहिजे. किती वापरलं ते यंत्रच लिहून ठेवतं, तासांसकट.

इथे तुमची जबाबदारी सुरू होते, आणि ती बोर्डावरच्या स्विचाइतकी छोटी आहे. मुंबईत सकाळी पोचल्यावर दादा झोपायचा कुठे, तर गाडीच्या डिकीत किंवा सीटांमधल्या वाटेत चटई टाकून. तिथे यंत्र लावायला प्लग नाही. गाडीवर परतल्यावर तीन आठवडे त्याने कोल्हापुरात यंत्र लावलं आणि मुंबईत लावलं नाही, म्हणजे एक दिवसाआड. आम्ही कंपनीशी बोललो. चार खेपा घातल्यावर ऑफिसच्या मागे एक खोली मिळाली, पंखा आणि दोन प्लग असलेली. आता बीपीच्या दोन गोळ्यांतली एक डॉक्टरांनी कमी केली आहे. तो अजून त्याच गाडीवर आहे. त्याआधी, निदान झाल्यापासून यंत्राची सवय होईपर्यंत, महिनाभर त्याला पगार देऊन दिवसा डेपोत बसवलं होतं, हे कंपनीचं चांगलं वागणं सांगायला हवं. हा महिना बिनपगारी होणार असता तर त्याने मला काहीच कळू दिलं नसतं.

पुढचं शिबिर कधी आहे ते कळवा. आठ प्रश्नांचे कागद मराठीत छापून मी आणते, शिंप्याचा टेपही माझाच. फक्त कागद तिथल्या तिथे भरून घेऊ नका. ड्रायव्हरला घरी न्यायला द्या, खाली ‘घरच्या माणसाची सही’ अशी एक ओळ ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी परत घ्या.

आपली,
एका ड्रायव्हरची बहीण